माझा अनुभव: माळ्यावरची झुरळं, पेट्यांच्या कडा आणि १५ दिवसांचं कार्ड

माझ्याकडे एक गुलाबी कार्ड आहे. त्यावर 'झुरळ' या शब्दापुढे टिकमार्क, पहिल्या फेरीची तारीख २० ऑक्टोबर, दुसरीची ४ नोव्हेंबर आणि खाली लाल शिक्का: 'सेवा पूर्ण'. ज्या दिवशी तो शिक्का बसला त्या दिवशी माझ्या माळ्यावर, पत्र्याच्या पेट्यांच्या कडांत आणि दिवाणाखाली मिळून झुरळांच्या अंड्यांच्या निदान तेवीस डब्या शाबूत होत्या. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. फवारणीवाल्यांना ठाऊक असायला हवं होतं. हा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे पुढे कुठे आवाज चढला तर समजून घ्या.

आधी जागा सांगते, कारण सगळं जागेवर ठरतं. घर जळगावात. ओट्यावर टांगलेली कपाटं, त्यांच्या डोक्यावर स्लॅबचा माळा, आठ फूट लांब आणि दोन फूट खोल, पुढे प्लायची दारं. माळ्यावर वाळवणाचे डबे, भरिताच्या पंगतीला काढायचं मोठं पातेलं, आणि केळीचे चार रिकामे खोके, ज्यात जुने काचेचे सेट ठेवलेले. हे खोके आपल्याकडे घरोघरी असतात, मजबूत असतात आणि फुकट मिळतात म्हणून कोणी टाकत नाही. पलंगाखाली पत्र्याच्या तीन पेट्या: एकीत गोधड्या, एकीत लग्नातली भांडी, एकीत कागदपत्रं आणि फोटो. शेजारच्या खोलीत पेटीचा दिवाण.

माळ्यावर दिसणारं झुरळ आणि मोरीत दिसणारं झुरळ बहुतेक वेळा एक नसतं. मोरीच्या जाळीतून येणारं मोठं, तांबूस, दीड इंची ते अमेरिकन झुरळ. ओट्याखाली, सिंकच्या पाइपाजवळ, फ्रिजच्या मोटरमागे झुंडीने राहणारं छोटं फिकट झुरळ जर्मन. त्याच्या मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा असतात. आणि तिसरं, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, ते तपकिरी पट्ट्यांचं. शास्त्रीय नाव सुपेला लाँगिपाल्पा. आकाराने जर्मनएवढंच, अर्ध्या इंचाच्या आसपास, पण मानेवर रेघा नसतात आणि पाठीवर दोन फिकट आडवे पट्टे असतात. पिल्लांवर हे पट्टे जास्त ठळक दिसतात. नर डिवचला की भुर्रकन उडतो. याला पाणी फार लागत नाही, ऊब लागते, म्हणून ते ओल सोडून वर चढतं: छताजवळ, कपाटाच्या माथ्यावर, फोटोफ्रेममागे, टीव्हीच्या पाठीत, पलंगाच्या पाट्यांखाली. खळ, डिंक, पुस्तकाची बांधणी, खोक्याचा चिकटपणा यावर त्याचं भागतं. खानदेशातला कोरडा, तापलेला माळा म्हणजे त्याच्यासाठी आयती खोली.

आता डबी. जर्मन मादी आपली डबी पोटाच्या टोकाला धरून फिरते आणि अंडी फुटायच्या जेमतेम दिवसभर आधी सोडते. म्हणून तिने औषध खाल्लं की तिच्याबरोबर बराचसा पुढचा हंगामही जातो. पट्ट्यांची मादी तसं करत नाही. ती एक-दोन दिवसांत डबी कुठल्यातरी कोपऱ्यात चिकटवते आणि निघून जाते, आणि बऱ्याच माद्या एकाच कोपऱ्यात चिकटवतात. मादी मेली काय नि जगली काय, डबीला फरक पडत नाही. डबी मुगाच्या डाळीएवढी असते, पाच मिलिमीटरच्या आसपास, तांबूस तपकिरी, एका बाजूला बारीक दात असलेली शिवण. आत दहा ते अठरा अंडी. फवारलेलं औषध कवचातून आत जात नाही. ही एक गोष्ट लक्षात आली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

भरलेली आणि फुटलेली डबी ओळखणं सोपं आहे. फुटलेली हलकी, पोकळ, शिवणीवर उसवलेली, नखाने दाबली की कुरकुरते. भरलेली टणक, फुगीर, दाबली की आतून पिवळट ओल येते. दोन्ही खरवडायच्याच, पण मोजताना वेगळ्या मोजा. ते का, ते पुढे येतं.

रिकामं करण्याच्या कामात फारसं सांगण्यासारखं नाही. माळ्यावरची एकेक वस्तू वरच्यावर काळ्या कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत घालायची, पिशवीचं तोंड बांधायचं, मग खाली आणायची. उघडी वस्तू हातात घेऊन शिडीवरून उतरलात तर निम्मी झुरळं वाटेत हॉलमध्ये उतरतात. गच्चीवर किंवा गॅलरीत पांढरी चादर पसरून त्यावर पिशवी उघडायची, म्हणजे पळणारं दिसतं. पुठ्ठ्याचे खोके मात्र ठेवायचे नाहीत, एकही नाही. पुठ्ठ्याच्या दोन थरांमधल्या नागमोडी नळ्यांत पिल्लं बसतात आणि तिथे ना ब्रश जातो ना औषध. वस्तू झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांत टाकायच्या, खोके तुडवून, पिशवीत बांधून त्याच दिवशी घंटागाडीत. उद्यावर ठेवलेत तर रात्रीतून परत आत.

मास्क लावा हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. माळ्यावर मिरपुडीसारखी काळी पूड दिसते ती विष्ठा, आणि पारदर्शक टरफलं म्हणजे कात. कोरडा झाडू मारला की दोन्ही हवेत जातात आणि ज्यांना दमा आहे त्यांचा श्वास लागतो. आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, मग झाडायचं.

डब्या खरवडायला पेंटरची पातळ पत्र्याची पट्टी सगळ्यात चांगली. ती नसेल तर जुनं एटीएम कार्ड, आणि फटींसाठी टूथब्रश. टॉर्च समोरून मारू नका, भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. तसा धरला की डबीची सावली पडते आणि रंगात मिसळलेली डबी उठून दिसते. खरवडलेलं खाली पडू द्यायचं नाही. खाली जुन्या ताटलीत झेलायचं आणि सगळं झाल्यावर ताटलीत उकळतं पाणी ओतायचं. साबणाच्या पाण्यात टाकून भागत नाही.

पहिल्या फेरीत, दिवाळीच्या साफसफाईत, मी ५८ डब्या काढल्या: ३१ माळ्याच्या आतल्या कोपऱ्यांत, १९ पेट्यांच्या झाकणांच्या आतून, ८ दिवाणाच्या प्लायवर. मोजल्या त्या केवळ किळस येऊन. मग पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. माणूस आला, सिंकखाली, गॅसच्या मागे, ट्रॉलीच्या पट्टीत जेलचे ठिपके दिले, मग पंप घेऊन सगळीकडे फवारलं, माळ्याच्या दाराशीही दोन फवारे मारले. "ताई, औषध एक नंबर आहे, आता निवांत राहा." पंधरा दिवसांनी परत येऊन तेच केलं. कार्डावर शिक्का.

यात दोन चुका झाल्या, आणि मी दोन्ही वेळा समोर उभी होते. पहिली म्हणजे जेल आणि फवारा एकाच जागी. जेल हे आमिष असतं. झुरळाने येऊन खाल्लं तर त्याचा उपयोग. फवाऱ्यातली सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन जातीची औषधं झुरळाला लांब पळवतात. ट्रॉलीत जेल देऊन त्यावरच फवारलं तर झुरळ त्या जेलकडे फिरकत नाही आणि आणखी वर, आणखी आत सरकतं. दुसरी चूक म्हणजे जेल सगळं खाली आणि कीड सगळी वर. पट्ट्यांच्या झुरळाला सिंकखाली यायचं कारणच नसतं.

१२ जानेवारीला टीव्हीच्या मागे तिळाएवढी पिल्लं दिसली, पाठीवर पट्टे असलेली. तिसऱ्या दिवशी गोधड्यांच्या पेटीच्या कडेला. मग मी पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसात फोन केला आणि पुढचे काही दिवस त्यातच गेले.

पहिल्या फोनवर मुलीने कार्ड नंबर विचारला, तारीख बघितली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची सेवा चार नोव्हेंबरला पूर्ण झाली आहे." मी म्हटलं, पिल्लं आत्ता निघाली आहेत. "हो, पण गॅरंटी दुसऱ्या फेरीनंतर साठ दिवस असते." साठ दिवस मोजा: ३ जानेवारी. नऊ दिवसांनी चुकलं. तिला दोष देत नाही, तिच्यासमोरच्या पडद्यावर जे दिसत होतं ते तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. तिथे तक्रारीचा एक छापील अर्ज असतो. त्यात 'किडीचा प्रकार' असा रकाना आणि पुढे चार चौकोन: झुरळ, ढेकूण, वाळवी, उंदीर. झुरळ कोणतं, कुठल्या उंचीवर, डब्या किती आणि भरलेल्या किती, यासाठी जागाच नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने ते वाचलं नाही, पुढची बाजू बघितली आणि म्हणाला, "स्वच्छता ठेवावी लागते, ताई. आम्ही औषध मारून गेलो तरी घर स्वच्छ नसेल तर येणारच." ज्या माळ्यावर मी उकळतं पाणी आणि टूथब्रश घेऊन दोन दिवस बसले होते त्याबद्दल हे ऐकून घेणं अवघड गेलं. मी पर्समधून रुमालात बांधलेली डबी काढून काउंटरवर ठेवली. "हे काय आहे?" त्याने बघितलं. "कचरा आहे."

तिसऱ्यांदा मालकांशी बोलणं झालं. माणूस समजूतदार होता, पण त्यांचंही म्हणणं एकच: पंधरा दिवसांचं अंतर सगळीकडे असतं, कंपन्याही तेच सांगतात, नवीन पॅकेज घ्या, दहा टक्के सूट देतो. मी विचारलं, पंधराच का? उत्तर मिळालं नाही. उत्तर आहे, ते मी नंतर स्वतः जुळवलं. जर्मन झुरळाच्या बाबतीत लवकरची दुसरी फेरी चालून जाते, कारण त्याची डबी मादीच्या अंगावरच तीन-चार आठवड्यांत पिकते आणि फुटली तरी पिल्लं तिथेच, जेलच्या आसपास असतात. पट्ट्यांच्या झुरळाला ते माप लागत नाही.

त्याचं माप तापमानावर चालतं. डबी ३० अंशांना साधारण पाच-सहा आठवड्यांत फुटते, २८ अंशांना सात आठवड्यांत, आणि २३ अंशांना तीन महिन्यांच्या आसपास. आता हे आपल्या हवेवर बसवून बघा. ऑक्टोबरच्या उकाड्यात घरात २८-२९ अंश असतात. त्या वेळी चिकटवलेली डबी पहिले वीस दिवस भराभर पिकते, जवळजवळ चाळीस टक्के काम उरकते. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री गार पडतात, घर २५ वर येतं, तिचा वेग पडतो. डिसेंबरात घर २२-२३ वर असतं, आणि उरलेला तिसरा हिस्सा पिकायला अख्खा महिना जातो. हिशेब करा: २० ऑक्टोबरची डबी डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फुटणार. दिवाळीला साफसफाई, पंधरा दिवसांनी दुसरी फेरी, साठ दिवसांची गॅरंटी, आणि पिल्लं गॅरंटी संपल्यावर. यात कोणाची लबाडी नाही, पण ग्राहकाचे पैसे मात्र दरवेळी जातात. हीच साफसफाई अक्षय्य तृतीयेच्या सुमारास केली असती तर पिल्लं पाच-सहा आठवड्यांत, गॅरंटीच्या आतच दिसली असती. आखाजीला माळा उपसायची आपली जुनी सवय या बाबतीत दिवाळीपेक्षा शहाणी म्हणायची.

नवीन पॅकेज मी घेतलं नाही. १९ जानेवारीला दुसरी फेरी स्वतः केली आणि पहिल्या फेरीत कुठे कमी पडले ते तेव्हा कळलं.

माळ्याच्या प्लायच्या दारांना आतून लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्या पट्टी आणि प्लायमध्ये कागदभर फट राहते. त्या फटीत ९ डब्या, एका रांगेत, उभ्या. दार पूर्ण उघडून खालून वर बघितल्याशिवाय त्या दिसत नाहीत. पेट्यांच्या झाकणाची आतली बाजू मी पहिल्यांदा पुसली होती, पण कड सोडली होती. पत्र्याच्या पेटीची कड तारेवरून वळवलेली असते आणि त्या गुंडाळीच्या आत एक पोकळ नाली राहते. बिजागरीपाशी ती नाली उघडी असते. तिथून ६ निघाल्या. दिवाणाच्या प्लायमध्ये स्क्रूची जी भोकं रिकामी राहतात, त्यांत ५. आणि ३ माळ्याच्या खालच्या बाजूला, जिथे टांगलेल्या कपाटाचा माथा आणि स्लॅब यांत दोन बोटांची जागा सोडलेली असते. एकूण २३. त्यातल्या १४ फुटलेल्या, ९ भरलेल्या. फुटलेल्या चौदांत सरासरी बारा पिल्लं धरली तरी दीडशेच्या वर पिल्लं घरात फिरत होती. वेगळ्या मोजायच्या त्या यासाठी: भरलेल्या नऊ सांगतात की अजून काही आठवडे थांबायचं आहे, कारण सापडल्या नाहीत अशाही काही असणारच.

कडेच्या नालीत पट्टी जात नाही. तिथे किटलीतून उकळतं पाणी बारीक धारेने सगळ्या कडेने फिरवायचं, पेटी तिरपी धरून पाणी बिजागरीकडून बाहेर काढायचं, आणि लगेच उन्हात. दिवसभर सुकू दिली नाही तर आतून गंज धरते आणि गोधड्यांवर तांबडे डाग पडतात. दिवाणाची भोकं मी लाकडाच्या पुट्टीने बुजवली. कपाट आणि स्लॅबमधल्या दोन बोटांच्या जागेत हात जात नाही. तिथे बोरिक पावडर, कॅरम बोर्डवर टाकतात तीच, प्लॅस्टिकच्या दाबायच्या बाटलीतून धुळीसारखी उडवायची. ढीग करायचा नाही. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. पातळ थर त्याच्या पायांना लागतो, ते पाय चाटतं आणि मरतं. ही पावडर फक्त जिथे मुलांचा हात, ताटवाट्या आणि पीठ पोचत नाही अशाच पोकळीत.

जेल मी स्वतः आणलं, इमिडाक्लोप्रिड असलेलं. फिप्रोनिलचंही मिळतं. फवारा कुठेच नाही, आणि आधी फवारलेले पृष्ठभाग ओल्या साबणाच्या फडक्याने पुसून सुकवले. ठिपका दादर ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नको. जर्मन झुरळं एका ठिकाणी गोळा असतात, त्यामुळे थोड्या जागी जास्त जेल चालतं. पट्ट्यांची विखुरलेली असतात, म्हणून छोटे ठिपके पण पुष्कळ जागी. माळ्यावर १६ ठिपके: चारही वरचे कोपरे, प्रत्येक बिजागरीजवळ, दारांच्या पट्ट्यांच्या टोकांना. टांगलेल्या कपाटांच्या माथ्यावर ८. टीव्हीच्या मागच्या भिंतीवर ४, फ्रेमच्या मागे एकेक, पलंगाच्या पाट्यांखाली ६, दिवाणात ६, आणि पेट्यांच्या बाहेरून तळाच्या कडेला. पेटीच्या आत जेल नको, कपड्याला लागलं तर डाग जात नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत जेल लवकर सुकून कडक होतं. सुकलेलं खरवडून नवीन ठेवावं लागतं. थंडीत मी तीन आठवड्यांनी बदललं, मार्चनंतर दहा-बारा दिवसांनी.

उपाय लागू पडतो की नाही हे डोळ्याला दिसण्यावर सोडू नका. चिकट कार्डं मिळतात, त्यांची सहा मी कायमची लावली: दोन माळ्यावर, एक टीव्हीमागे, दोन पलंगाखाली, एक दिवाणात. दर रविवारी मोजणी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सहा कार्डांवर मिळून ४३, जवळजवळ सगळी पिल्लं. फेब्रुवारीच्या मध्यात ११. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ५, आणि त्यातली ४ दिवाणाच्या कार्डावर. म्हणजे दिवाणात कुठेतरी अजून होतं. शोधलं तर दिवाणाच्या गादीच्या खालच्या शिवणीत दोन भरलेल्या डब्या होत्या. घरभर शोधत बसण्याऐवजी एका जागी शोधलं, ते कार्डामुळे.

इथे काही गोष्टी मध्येच सांगते, नाहीतर राहतील. डांबराच्या गोळ्यांनी झुरळं जात नाहीत आणि डब्यांना तर काहीच होत नाही. बाळाचे कपडे असलेल्या पेटीत तर त्या ठेवूच नका; काही बाळांच्या रक्ताला त्या वासाचा त्रास होतो. धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, पलंगाखालच्या पेटीत ठेवायला सांगणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांचा हवेतल्या ओलीने फॉस्फिन वायू होतो, आणि झोपायच्या खोलीत तो माणसाचा जीव घेतो. कपाशीवरची उरलेली औषधं पंपात भरून घरात मारणारेही आहेत. तीही नकोत. डायक्लोरव्हॉस कोणी 'जुना स्टॉक आहे' म्हणून देऊ केलं तर घेऊ नका, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे.

उरलेलं काम मे महिन्यावर टाकलं होतं, कारण ते आपल्याकडेच जमतं. डबीचा कायमचा निकाल उष्णतेने लागतो, पण वस्तूच्या आत खरंच ५० अंशांच्या वर जायला हवं आणि तिथे निदान तासभर टिकायला हवं. मी स्वयंपाकाचा काडीचा थर्मामीटर घेऊन मोजलं. बाहेर ४४ अंश असताना रिकामी पेटी झाकण लावून गच्चीवर बारा ते चार ठेवली, आत ६१ झालं. पेटीचा प्रश्न तिथेच मिटला. पण गोधड्या घडी करून त्याच पेटीत उन्हात ठेवल्या तेव्हा तीन तासांनी घडीच्या मध्यभागी ३९ होतं. गोधडीचा गुणच तो, ती ऊब आत जाऊ देत नाही. वर तापलं की झुरळ मध्यात सरकतं आणि सुखात बसतं. एकेक गोधडी उलगडून, गच्चीच्या फरशीवर पसरून, वर काळं प्लॅस्टिक घालून कडांना विटा ठेवल्या तेव्हा ५८ आलं. एक वाजता उलटली, तीनला काढली. दिवसाला चार गोधड्या होतात, जास्तीची घाई केली की थर वर थर चढतात. जरीच्या साड्या, फोटो आणि कागदपत्रं या उन्हात नकोत. ती मी पान न् पान उघडून, मऊ ब्रशने झाडून, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवली. जुने अल्बम डिंकाने चिकटवलेले असतात, त्यांच्या पाठीच्या पोकळीत नक्की बघा. माझ्या एका अल्बमच्या पाठीत एक फुटलेली डबी निघाली.

तरीही कोणाला बाहेरूनच काम करून घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. झुरळ कोणतं ते. औषधाचं नाव, कंपनीचं नव्हे तर औषधाचं. जिथे जेल तिथे फवारा नाही, आणि जेल माळ्यावर व पलंगाखाली धरून. दुसऱ्या फेरीची तारीख: उन्हाळ्यात केलं तर सहा आठवड्यांनी, दिवाळीला केलं तर जानेवारीच्या मध्याला. लिहून द्यायला नाही म्हणाले तर दुसरा माणूस बघा. त्यांच्याकडे परवाना आहे का हेही विचारा. चांगले लोक या प्रश्नाने रागावत नाहीत, भिंतीवरचा कागद दाखवतात.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सहाही कार्डं कोरी होती. मे महिन्यात टीव्हीमागच्या कार्डावर एक नर आला, पंखवाला, एकटाच, बहुधा खिडकीतून किंवा कोणाच्या सामानातून. त्यानंतर पावसाळाभर काही नाही. कार्डं अजून लावलेली आहेत, आता दर रविवारी नाही, महिन्यातून एकदा बघते. गुलाबी कार्ड माळ्याच्या दाराला आतून चिकटवलंय, कोऱ्या बाजूने वर. त्यावर २३ डब्या कुठे कुठे निघाल्या त्या जागा लिहिल्या आहेत, म्हणजे पुढच्या वेळी माळा उपसेल त्याने टॉर्च आधी तिथे मारायचा.